महेश्वरचा घाट की हर्णैचा किनारा? जलरंगाच्या सहलीसाठी जागा निवडताना

हिवाळ्यात चार-पाच दिवस रंगपेटी घेऊन कुठे जावं, असं मित्रमंडळी विचारतात तेव्हा माझ्या मनात दोन ठिकाणं येतात: नर्मदेवरचं महेश्वर आणि दापोलीजवळचं हर्णै. दोन्ही देखणी आहेत, त्यामुळे सौंदर्यावरून निवड करता येत नाही. ऊन कुठून येतं आणि समोरचं दृश्य किती वेळ जागेवर राहतं, यावर ती करावी लागते.

महेश्वर नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे, म्हणून घाट आणि किल्ल्याची भिंत दक्षिणेकडे तोंड करून उभी आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे उगवतीपासून मावळतीपर्यंत घाटावर ऊन टिकतं. अहिल्याबाईंच्या काळातल्या या दगडी कामावर ते तिरकं पडतं, तेव्हा बुरुजांची गोलाई आणि पायऱ्यांची धार रेखाटायला फार सोपी होते. मे-जूनमध्ये मात्र सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेकडून उगवतो आणि सकाळी हीच भिंत सावलीत असते. ज्यांना फक्त उन्हाळ्याची सुट्टी मिळते, त्यांनी महेश्वरचा विचार सोडावा. उकाड्यात रंगही भराभर वाळतो.

घाटावर बसायचं कुठे, हे तोंड कुठे करायचं यावर ठरतं. सकाळी पश्चिमेकडे तोंड करून बसलात तर ऊन मागून, डावीकडून येतं आणि उजव्या हाताच्या बुरुजांच्या उजळ बाजू समोर दिसतात. पूर्वेकडे बघितलं तर त्याच बुरुजांच्या काळ्या बाजू आणि चमकणारं पाणी मिळतं. चित्र नाट्यमय होतं, पण डोळे दिपतात आणि कागदावरचे रंग नीट कळत नाहीत. पहिल्या दिवशी पश्चिमच बरी. सावल्यांच्या कडा सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत पेन्सिलने पक्क्या कराव्यात आणि पुढे सूर्य कितीही सरकला तरी त्या बदलू नयेत. जी बदलते ती सावली प्रत्येक वेळी नव्याने रंगवत गेलं की एकाच चित्रात दोन सूर्य दिसू लागतात. नावा आणि स्नानाला येणारी माणसं शेवटी घालावीत. ती येत-जात राहतात, वास्तू थांबून असते.

हर्णैला नेमकं उलट. तिथे काहीच थांबत नाही. सकाळ-संध्याकाळ मासळीचा लिलाव लागतो, होड्या येतात, बैलगाड्या पाण्यात शिरतात, टोपल्या भरतात आणि एखादी आकृती अर्ध्या मिनिटात उठून जाते. इथे जलरंगाचं मोठं चित्र काढायला बसणाऱ्याची निराशा होते. छोटी वही, मऊ पेन्सिल किंवा पेन आणि वर दोन-तीन रंगांचा हलका हात, एवढ्यावर काम करणाऱ्याला मात्र इतका खजिना दुसरीकडे क्वचितच मिळेल. सकाळचं ऊन जमिनीकडून, म्हणजे समुद्राकडे बघणाऱ्याच्या पाठीमागून येतं. सुवर्णदुर्ग तेव्हा सपाट दिसतो. उठाव हवा असेल तर किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करावं. किल्ल्याची गडद बाह्यरेषा संध्याकाळसाठी ठेवावी.

भरती-ओहोटीचं गणित जमलं नाही, तर हर्णैची सकाळ हातची जाते. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन येतात, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी नवाच्या आसपास. सातला पोहोचलात तर पाणी मागे हटत असतं आणि ओल्या वाळूत होड्यांची प्रतिबिंबं उतरलेली असतात. अष्टमीला सहा येतात. सकाळी सहाला भरती असल्याने बसायला वाळूच कमी उरते. म्हणून पौर्णिमा-अमावास्येनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथे असाल असं बुकिंग करावं.

हवेचाही फरक आहे. किनाऱ्यावर दमटपणामुळे कागद बराच वेळ ओला राहतो. आकाशात रंग एकमेकांत मिसळू द्यायला ते छान, पण एका थरावर दुसरा चढवायची घाई केली की खालचा विरघळून गढूळ होतो. हाताची पाठ कागदाजवळ नेली आणि गार लागलं, तर अजून थांबायला हवं. महेश्वरला हिवाळ्यात हवा कोरडी असल्याने थर लवकर चढवता येतात.

मुंबई-पुण्याहून हर्णै सोयीचं पडतं. महेश्वरला आधी इंदूर गाठावं लागतं आणि तिथून साधारण दोन तासांचा रस्ता. तरीही ज्याने अजून बाहेर बसून फारसं रंगवलेलं नाही, आणि ज्याला चहा घेत एकाच चित्रावर दोन तास बसायचं आहे, त्याला मी महेश्वरच सांगेन. रेषा भरभर चालणाऱ्याने, माणसं आवडणाऱ्याने हर्णै धरावं. सोबत न रंगवणारं कुटुंब असेल तर मुक्काम शेजारच्या मुरूडला करावा. मुलांना वाळू मिळते आणि तुम्ही पहाटे एकटे बंदरावर जाऊन न्याहारीपर्यंत परत येऊ शकता.