मुदत संपल्यावर रिफंड मागितला, तर बदलून द्यावं की क्रेडिट नोट?

रिटर्नची मुदत उलटून गेल्यावर कुणी पैसे परत मागितले, तर नाही म्हणायचं हे बहुतेक विक्रेत्यांचं आधीच ठरलेलं असतं. गाडी अडते ती पुढे. नकारासोबत द्यायचं काय? माल बदलून द्यायचा की क्रेडिट नोट?

त्याआधी तक्रार नीट वाचा. वस्तू सदोष निघाली असेल, तर मुदतीचं कारण पुढे करू नका. रिटर्नची मुदत असते ती ‘बसलं नाही, आवडलं नाही’ यासाठी. वॉरंटी किंवा कायद्यानं दिलेला हक्क तिच्याबरोबर संपत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. बूट 3 तारखेला पोचले, रिटर्नची मुदत 15 दिवसांची, म्हणजे 18 तारखेपर्यंत. 24 तारखेला मेसेज आला: “बूट आखूड होतात, घातलेले नाहीत, पैसे परत करा.” सहा दिवस उशीर.

या माणसाला मुळात बूट हवेच आहेत, फक्त मापाचे. अशा वेळी बदलून देणं क्रेडिट नोटपेक्षा कधीही बरं. त्याची अडचण तिथेच सुटते आणि तुमची विक्री टिकते. पण मोठं माप शिल्लक आहे का, हे उत्तर पाठवण्याआधी बघा आणि एक जोड बाजूला काढून ठेवा. “बदलून देतो” म्हणून दोन दिवसांनी “माप संपलं” कळवलं, तर त्या माणसाला दुसऱ्यांदा नकार मिळतो, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त झोंबतो. बूट परत मागवण्याआधी तळव्याचा फोटोही मागवा. घरात एकदा घालून बघितलेला आणि रस्त्यावर वापरलेला बूट तळव्यावरून लगेच ओळखू येतो. ने-आणीचा खर्च कुणाचा, हे त्याच मेसेजमध्ये लिहा.

त्यानं “आता नकोच आहेत” असं लिहिलं असतं, तर मात्र क्रेडिट नोट योग्य. वरवर ती सोपी दिसते, पण माझ्या अनुभवात नंतरची भांडणं हिच्यावरूनच जास्त होतात. कारण तीन गोष्टी लिहायच्या राहतात: रक्कम सवलत वजा जाऊन प्रत्यक्ष भरलेली धरायची की छापील किमतीची, ती कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल, आणि थोडी वापरली तर उरलेली शिल्लक राहील का. रक्कम प्रत्यक्ष भरलेलीच धरा आणि मुदत ऐसपैस द्या. ग्राहक आधीच एक तारीख चुकवून बसलाय. त्याच्या हातात पुन्हा पंधरा दिवसांची चिठ्ठी देऊ नका.

पुढच्या खरेदीवर सवलत हा तिसरा पर्याय पुष्कळ जण देतात. मी तो देत नाही. न बसणारे बूट त्याच्याकडेच राहतात आणि वर आपण त्याला आणखी खर्च करायला सांगतो.

वरच्या उदाहरणात मी असं उत्तर लिहीन:

“नमस्कार. बूट आखूड झाले आणि तुमची गैरसोय झाली, याबद्दल वाईट वाटतं. बूट 3 तारखेला पोचले आणि रिटर्नची मुदत 18 तारखेला संपली, त्यामुळे पैसे परत करता येणार नाहीत. पण बूट वापरलेले नसतील तर पुढच्या मापाचा जोड आम्ही बदलून देऊ; तो तुमच्यासाठी 30 तारखेपर्यंत राखून ठेवला आहे. नवा जोड पाठवण्याचा खर्च आमचा, जुना परत पाठवण्याचा तुमचा. बदलून नको असेल तर भरलेल्या पूर्ण रकमेची क्रेडिट नोट देऊ. ती एक वर्ष चालेल आणि थोडी थोडी वापरता येईल. तळव्याचा एक फोटो पाठवा आणि दोन्हींपैकी काय हवं ते कळवा.”

यात नकार दुसऱ्याच वाक्यात आलाय, तारखांसकट. “नियमात बसत नाही” एवढंच लिहिलं तर समोरचा नियमाशी वाद घालतो. तारखा दिल्या की तो स्वतःच मोजून बघतो. “सध्या शक्य नाही” मधला ‘सध्या’ आवर्जून टाळा. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा, असा त्याचा अर्थ होतो. “वरिष्ठांना विचारून सांगतो” हेही, विचारणारच नसाल तर, लिहू नका. लोक त्याला निम्मा होकार समजतात.

एवढं लिहूनही “मला पैसेच हवेत” असा मेसेज आला, तर नवं कारण शोधू नका आणि घाईनं नवी सूटही वाढवू नका. दोन ओळी पुरतात: “पैसे परत करता येणार नाहीत, हे आधी कळवलंच आहे. बूट 30 तारखेपर्यंत राखून ठेवलेत, आणि क्रेडिट नोटचा पर्यायही तोवर खुला आहे.” प्रकरण पुढे बँकेकडे किंवा ग्राहक तक्रारीत गेलं, तर हेच दोन मेसेज तुमची बाजू मांडतात.