एक टक्का की दोन टक्के: सहाशेच्या आतल्या तुकड्यांसाठी कोणतं जेल ओतावं?

हा प्रश्न सगळ्यांसाठी नाही. तुमचं काम जीनोमिक डीएनए बघायचं किंवा प्लास्मिडचं असेल, तर एक टक्क्याचं जेल ओता आणि मोकळे व्हा. वाद सुरू होतो तो बँड सहाशे बेस पेअरच्या खाली उतरले की. सांगलीत द्राक्षाच्या करप्यावर प्रोजेक्ट करणारी मुलं दरवर्षी नेमकी तिथेच अडतात, म्हणून त्यांचंच उदाहरण घेतो.

तासगावकडच्या बागेतून करपा पडलेली पानं येतात, त्यावरून बुरशी वेगळी होते, मग आयटीएस-एक आणि आयटीएस-चार प्रायमर लावून पीसीआर. बँड येतो साधारण 580 चा. पण हे प्रायमर बुरशीपुरते मर्यादित नाहीत. कल्चर नीट शुद्ध झालेलं नसेल किंवा कुणी थेट पानातूनच डीएनए काढला असेल, तर द्राक्षाचा डीएनएही वाढू शकतो. सीक्वेन्सिंगला पैसे घालण्याआधी स्वस्तात खात्री करायची एक जुनी युक्ती आहे. बहुतेक बुरशींच्या 5.8एस भागात GAATTC ही इको आर वनची जागा असते, आणि सपुष्प वनस्पतींमध्ये त्याच ठिकाणी GAATCC असतं, जे हे एन्झाइम कापत नाही. बुरशीचा तुकडा कापला की जवळपास निम्मा-निम्मा होतो. म्हणजे जेलवर तीनशेच्या आसपास दोन बँड दिसायला हवेत.

आता हेच एक टक्क्यावर चालवून बघा. ओतायला सोपं, हे मान्य. 40 मिली बफरला 0.4 ग्रॅम अगारोज, दोन उकळ्या, काम झालं. पण चित्रात न कापलेल्या लेनमध्ये 580 आणि कापलेल्या लेनमध्ये तीनशेच्या जागी एकच जाडसर पट्टा. गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "580 मधले 300 दिसले, बाकीचे गेले कुठे?" उत्तर पट्ट्याच्या उजेडात असतं. दोन्ही लेनमध्ये सारखाच डीएनए घातला असेल, तर एकट्या 300 च्या तुकड्याचा उजेड न कापलेल्याच्या निम्मा यायला हवा, कारण ब्रोमाइड लांबीच्या हिशेबाने बसतं. इथे तो जवळपास तेवढाच दिसतो, म्हणजे दोन्ही तुकडे एकावर एक बसलेत. तर्क बरोबर आहे, पण व्हायव्हात तर्क दाखवून भागत नाही, बँड दाखवावे लागतात.

तरीही मी कदाचित एक टक्क्यावरच निभावलं असतं. माझं डोकं फिरवलं ते निळ्या डायने. साध्या लोडिंग डायमधला ब्रोमोफेनॉल ब्लू एक टक्क्याच्या जेलमध्ये तीनशे-साडेतीनशेच्या डीएनएबरोबर चालतो. म्हणजे ज्या जागी माझे बँड, बरोबर त्याच जागी हा. यूव्हीवर ठेवलं की डाय उजेड गिळतो आणि बँडच्या मधोमध काळपट डाग दिसतो. लॅडरच्या लेनमध्येही तेच, 300 ची पायरी ऐन वेळी मंद. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर वाढवा, वरचे बँड फुटतात आणि डाग तिथेच. मग उजेडावरून काढलेला वरचा तर्कही लंगडा पडतो, कारण उजेडच खरा राहिलेला नसतो. बऱ्याच जणांना हा त्रास किरकोळ वाटेल, मला नाही वाटला.

दोन टक्क्यात दोन्ही भानगडी एकदम मिटतात. जाळी घट्ट असल्याने डाय दीडशेच्या आसपास खाली उतरतो, तीनशेचा पट्टा मोकळा राहतो, आणि लहान तुकड्यांमधलं अंतर वाढतं. (ऑरेंज जी वापरून एक टक्क्यातही डाग टाळता येतो, तो डाय खूपच पुढे पळतो. पण चिकटलेले दोन बँड त्याने वेगळे होत नाहीत.)

लॅडर कसा वाचायचा ते एका चित्रावरून सांगतो. दोन टक्क्याचं जेल, शंभरी लॅडर, वेलच्या कडेपासून मोजलेलं अंतर: 400 चा बँड 46 मिमीवर, 300 चा 51.5 वर, 200 चा 59 वर. पायऱ्या सारख्या अंतरावर नाहीत हे दिसतंच, म्हणून मधलं माप सरळ त्रैराशिकाने काढू नये, लॉगने काढावं. माझा वरचा बँड 51 मिमीवर होता. 400 चा लॉग 2.602, 300 चा 2.477, म्हणजे साडेपाच मिमीत 0.125 ची उतरण. 5 मिमी खाली आलो की 2.488, म्हणजे 308. खालचा बँड 53.5 वर, तो 300 आणि 200 च्या मधला, तसाच हिशेब केला की साधारण 269. बेरीज 577. न कापलेला 580 च्या घरात, म्हणजे जमलं. पाच-दहा बेस इकडेतिकडे होणारच, जेलकडून त्याहून बारीक अपेक्षा करू नये. हिशेब करताना शेजारच्या दोन पायऱ्याच घ्याव्यात. पूर्ण लॅडरवर एकच सरळ रेष मारली तर वरच्या टोकाला ती हमखास चुकते, कारण दोन टक्क्यात हजाराच्या वरचे बँड एकमेकांना चिकटून बसतात.

दोन टक्क्याचे नखरे आहेत, नाही असं नाही. अगारोज दुप्पट लागतं, आणि कॉलेजच्या खरेदीत ते लगेच डोळ्यात भरतं. विरघळायला वेळ घेतं. थंड बफरमध्ये हलवत हलवत भुरभुरावं, दहा-पंधरा मिनिटं भिजू द्यावं, मगच मायक्रोवेव्हला, तेही थांबत थांबत. उजेडासमोर धरल्यावर साबुदाण्यासारखे पारदर्शक दाणे तरंगताना दिसले तर अजून झालेलं नाही. उकळताना पाणी उडतं, म्हणून फ्लास्क आधी वजन करून ठेवावा आणि नंतर तेवढं पाणी भरावं, नाहीतर दोनाचे सव्वादोन होतात. कॉम्ब आधीच लावून ठेवा, कारण हे पटकन गोठतं. पाच व्होल्ट प्रति सेंमीला रन जरा लांबतो आणि मध्येच लाइट गेली तर लहान बँड पसरतात, पण तो धोका एक टक्क्यालाही आहे, थोडा जास्तच.

एकाच जेलवर 1500 चा सिक्स्टीन-एस आणि हे तुकडे दोन्ही बघायचे असतील तर दीड टक्का ही तडजोड वाईट नाही. फक्त आयटीएसचं काम असेल तर मी तरी दोनवरच राहीन. तुमचे दोन तुकडे 400 आणि 180 असे लांब असतील, तर एक टक्क्याने दगा द्यायचं कारण नाही, तिथे माझ्या आवडीला फार किंमत देऊ नका.

टक्का कोणताही निवडा, लॅडर नुसत्या पाण्यात घालू नका. कापलेल्या नमुन्यात एन्झाइमच्या बफरचं मीठ असतं, त्याने तो लेनमध्ये जरा मागे रेंगाळतो आणि 300 चा तुकडा 320 वाटतो. लॅडरमध्ये आणि न कापलेल्या नमुन्यातही तेवढाच बफर मिसळला की तिन्ही लेन एका चालीने उतरतात.