घरबसल्या फॉल-बिडिंगच्या नावाखाली ८,९१५ रुपयांना बुडवलं

परभणीकडच्या आमच्या गावात ‘घरबसल्या फॉल लावा, परकर शिवा’ म्हणत एक जण आला. साडीला ३० रुपये, परकराला ३५. डिपॉझिट ६,०००, नोंदणी ५००. सोयाबीनच्या पैशातून मी फोनवरून भरले. लोभापायी नाही भरले. वर्षानुवर्षं फॉल लावते, माल समोर दिसत होता, पावती मिळाली होती. कोणीही भरले असते.

खटकायला हवं होतं ते तिथंच. फॉल हातात घेतला तर खळीनं कडक, कोरा सुती. म्हटलं, “दादा, आधी भिजवून, वाळवून इस्त्री करते.” तो म्हणाला, “नाही ताई, माल ओला करायचा नाही, घडी मोडते.” अहो, कोरा फॉल पहिल्या धुण्यात आटतो आणि सिंथेटिक साडी आटत नाही. मग खालचा काठ ओढला जाऊन चुण्या पडतात, टाका कितीही बारीक घाला. हे त्याला पक्कं माहीत होतं. माल त्याचा, हुकूम त्याचा, मी काय करणार होते?

परकराचंही तसंच. कळ्या आणि पट्ट्या त्यानंच कापून दिलेल्या. नेफ्याची पट्टी तीन इंच हवी, म्हणजे दुमडून, कडा आत घेऊन सव्वा इंच नेफा उरतो. त्याची पट्टी दोनच इंच. पाऊण इंचाच्या नेफ्यात त्यानं दिलेली रुंद नाडी गोळा होऊन अडकते, कमरेला सारखी सरकत नाही. कापलेली पट्टी घेण्याआधी टेप लावा.

४० साड्या आणि २५ परकर दिले. मजुरी झाली २,०७५, दोरा माझा ३४० रुपयांचा. आठवड्यानं त्यानं धुतलेली साडी पुढं टाकली. काठ चुरगळलेला. “काम खराब, डिपॉझिट जप्त.” न धुतलेल्या साड्यांचं काय, विचारलं तर फोन बंद.

पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे, हा देण्याघेण्याचा वाद, कोर्टात जा. फोनवरून पैसे गेलेत म्हटलं, तर सायबरकडे जिल्ह्याला जा. बँकेत गेले तर, तुम्हीच पाठवलेत ना? तक्रार लिहून घ्यायलाही कुणाच्या पेनात शाई नव्हती. वर एक साहेब विचारतो, “शिकलेल्या दिसता, मग भरले कशाला?” चोराला सोडून मलाच जाब! माझ्या रोजंदारीचा तास फुकटचा आहे का?

काम देणारा डिपॉझिट मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की पैसा पुढच्या खात्यात जातो. आणि ‘फॉल भिजवू नका’ हे त्याच्याकडून लिहून घ्या, सही घ्या. मी एक न धुतलेला फॉल आणि दोन इंची पट्टी जपून ठेवली आहे. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी पावत्या घेऊन या, आपण मिळून एसपी ऑफिसला लेखी अर्ज देऊ.