रो नंबरवरून छोटी लिंक: बेस ३६ घ्यावा की बेस ६२?

डेटाबेसमधल्या रो नंबरवरून शेअर करायला छोटा कोड बनवायचा असेल तर बहुतेक लोक शेवटी बेस ३६ किंवा बेस ६२ वर येऊन थांबतात. बेस ३६ मध्ये दहा आकडे आणि इंग्रजीची २६ अक्षरं वापरून नंबर लिहितात, बेस ६२ मध्ये स्मॉल आणि कॅपिटल अक्षरं वेगळी धरतात. मी एकाच कामासाठी दोन्ही वापरून बघितलेत, त्यामुळे जे दिसलं ते सांगतो, तुमचं काम वेगळं असेल तर निर्णयही वेगळा होऊ शकतो.

माझं काम असं होतं. तालुक्याच्या गावातलं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, शेतकरी सबमर्सिबल नाहीतर मोनोब्लॉक आणून टाकतात, एंट्री झाली की गिऱ्हाईकाला मराठी एसएमएस जातो आणि त्यातल्या लिंकवर मोटर कुठपर्यंत आलीय ते कळतं, उघडली, वाइंडिंग चालू, वार्निश, टेस्टिंग, तयार, एवढंच. तीच लिंक पावतीवर पण छापली जाते.

पहिला मुद्दा लांबीचा, कारण बेस ६२ ची सगळी बाजू तिथेच आहे. रो नंबर ६१२३४ घ्या. बेस ३६ मध्ये तो `1b8y` होतो आणि बेस ६२ मध्ये `fVE`, म्हणजे एक अक्षर वाचलं. पुढे काय होतं तर चार अक्षरांत बेस ३६ मध्ये साधारण १६ लाख ८० हजार रो बसतात आणि बेस ६२ मध्ये जवळपास १ कोटी ४८ लाख. आकडा मोठा दिसतो खरा, पण एका दुकानाच्या किंवा मध्यम साइटच्या हिशोबात फरक एका अक्षराचाच राहतो. मराठी एसएमएस एका भागात फक्त ७० अक्षरांचा असतो आणि त्यात काना-मात्रा वेगळी मोजली जाते, 'मोटर' म्हणजे चार, तेव्हा तिथे एक अक्षर सुद्धा महाग असतं हे मला मान्य आहे. पण ते एक अक्षर मला मेसेजच्या मजकुरातून काढता आलं, 'आपली' हा शब्द काढला तरी कोडपेक्षा जास्त जागा सुटते.

आता ज्या गोष्टीमुळे माझा निर्णय झाला ती. लिंक नेहमी टिचकी मारूनच उघडली जाते असं आपण डेस्कवर बसून धरतो, प्रत्यक्षात गावाकडे मेसेज आलेला असतो बापाच्या साध्या फोनवर, उघडायची असते मुलाच्या फोनवर, मग तो कोड वाचून सांगितला जातो. 'एफ, व्ही, ई.' कॅपिटल की स्मॉल हे कोणी सांगत नाही आणि सांगायचंही का, माणूस अक्षर सांगतो, त्याचा आकार सांगत नाही. मुलगा टाइप करतो `fve`. आणि इथे चुकीचा कोड म्हणून एरर आली असती तरी चाललं असतं, पण तसं होत नाही! बेस ६२ मध्ये `fve` हा सुद्धा पूर्ण वैध कोड आहे, त्याचा रो निघतो ५९५९६, आणि ती मोटर दुसऱ्याच शेतकऱ्याची असते, कदाचित केव्हाच तयार होऊन गेलेली. मुलगा बघतो 'तयार', बाप टेम्पो घेऊन दुकानात येतो, मोटर अजून वार्निशला. माझ्या मते यात वापरणाऱ्याची काहीच चूक नाही, कोडच असा आहे की केस हरवली की तो गप्प न बसता चुकीचं उत्तर देतो.

बेस ३६ मध्ये `1b8y` आणि `1B8Y` एकच, आणि त्यासाठी तुम्हाला काही करावंही लागत नाही. पायथनचं `int("1B8Y", 36)`, जावास्क्रिप्टचं `parseInt("1b8y", 36)`, मायएसक्यूएलचं `CONV('1b8y', 36, 10)`, सगळीकडे ६१२३४ च येतं. पायथनचा तर एक छान फायदा मिळाला, कोणी मराठी कीबोर्डवरून `१b८y` टाकलं तरी `int` देवनागरी आकडे ओळखतं आणि तोच रो देतं. जावास्क्रिप्ट तसं करत नाही, तिथे आकडे आधी बदलून घ्यावे लागतात.

बेस ६२ चं आणखी एक आहे जे सुरुवातीला लक्षात येत नाही. त्यात अक्षरांचा क्रम सगळीकडे एकच असं नाही. काही लायब्ररी आकडे, मग स्मॉल, मग कॅपिटल असा क्रम धरतात, काही आकड्यांनंतर आधी कॅपिटल. त्यामुळे ६१२३४ एकीकडे `fVE` होतो आणि दुसरीकडे `Fve`. वेबसाइट एका भाषेत आणि रिपोर्टची स्क्रिप्ट दुसऱ्या भाषेत असेल तर हे तपासूनच पुढे जा. आणि कोड कॉलममध्ये साठवणार असाल तर मायएसक्यूएलचं डिफॉल्ट कोलेशन लहान-मोठं अक्षर एकच मानतं, मग युनिक इंडेक्स `fVE` नंतर `fve` घ्यायला नकार देतो, कॉलमला बायनरी कोलेशन द्यावं लागतं.

पावतीवर क्यूआर छापायचा असेल तर बेस ३६ ला अजून एक गुण मिळतो. क्यूआरमध्ये अल्फान्यूमेरिक मोड असतो, त्यात आकडे, फक्त कॅपिटल अक्षरं आणि कोलन, स्लॅश, टिंब अशी काही चिन्हं चालतात, आणि दोन अक्षरं ११ बिटांत बसतात, नेहमीच्या बाइट मोडमध्ये त्यांना १६ लागतात. डोमेनला केसचा फरक पडत नाही, बेस ३६ च्या कोडलाही नाही, त्यामुळे अख्खी लिंक कॅपिटलमध्ये छापता येते. `HTTPS://` धरून २० अक्षरांची लिंक असेल तर सगळ्यात कमी एरर करेक्शनला ती २१ बाय २१ च्या सर्वात लहान क्यूआरमध्ये बसते, तीच स्मॉलमध्ये लिहिली तर २५ बाय २५ लागतो. थर्मल प्रिंटरचं डोकं थोडं मळलेलं असेल तेव्हा मोठे चौकोन पटकन स्कॅन होतात, हे मी मोजलेलं नाही पण काउंटरवरच्या मुलाचं रोजचं म्हणणं तेच होतं.

बेस ३६ निर्दोष आहे असं नाही हां. त्यात शून्य आणि `o` दोन्ही आहेत, `1` आणि `l` दोन्ही आहेत, आणि दोन्ही वैध असल्यामुळे 'ओ टाकला तर शून्य समज' असं करता येत नाही. फोनवर सांगताना याचा त्रास कमी, कागदावरून बघून टाइप करताना जास्त. कॅपिटलमध्ये छापलं की `L` चा प्रश्न मिटतो पण `I` आणि `O` चा राहतोच. हे अगदीच नको असेल तर क्रॉकफर्डचा बेस ३२ बघा, त्यात आय, एल, ओ, यू ही अक्षरं वगळलीत आणि वाचताना ओ ला शून्य धरलं जातं, फक्त तो तयार फंक्शनमध्ये सहसा मिळत नाही, स्वतः लिहावा लागतो. दुसरं म्हणजे एक्सेल. कोडची यादी सीएसव्हीतून उघडली की `12e4` सारखा कोड १,२०,००० होऊन बसतो. कॉलम टेक्स्ट म्हणून इम्पोर्ट केला की झालं, पण अकाउंट बघणाऱ्याला ते आधी सांगून ठेवा.

यापेक्षा मोठी अडचण दोघांनाही सारखीच आहे. ६१२३४ चा कोड `1b8y`, पुढचा `1b8z`, त्यापुढचा `1b90`. कोणीही शेवटचं अक्षर बदलून शेजारची मोटर बघू शकतो, आणि समोरच्या दुकानदाराने महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या तारखेला एकेक पंप टाकला तर दोन कोडांच्या वजाबाकीत तुमचा महिन्याचा धंदा त्याच्या हातात. मालकाला हे समजावलं तेव्हा तो सरसावून बसला. त्यावर मी रो नंबर आधी एका ठरलेल्या आकड्याने गुणतो, ३६ च्या पाचव्या घाताने भागून बाकी घेतो आणि मग बेस ३६ करतो.

```python
M = 36 ** 5
K = 26543587
KI = pow(K, -1, M)
A = "0123456789abcdefghijklmnopqrstuvwxyz"

def to_code(row):
    n, s = row * K % M, ""
    for _ in range(5):
        n, r = divmod(n, 36)
        s = A[r] + s
    return s

def to_row(code):
    return int(code, 36) * KI % M
```

आता ६१२३४ चा कोड `nc3fa` येतो आणि ६१२३५ चा `350l5`, बघणाऱ्याला दोघांचा काही संबंध दिसत नाही. `K` ला २ किंवा ३ ने भाग जाता कामा नये, नाहीतर दोन रोंना एकच कोड मिळेल आणि उलटा आकडा `KI` निघणारच नाही, पायथन तिथेच एरर देतो. कोड नेहमी पाच अक्षरांचा राहतो, ६ कोटी ४ लाख रोंपर्यंत पुरतो, त्यानंतर मात्र जुनेच कोड परत यायला लागतात. वेगळा कॉलम लागत नाही, टक्कर होत नाही. सहा अक्षरं घेतली तर जागा २१७ कोटींवर जाते पण तिथे जावास्क्रिप्टमध्ये साध्या नंबरचा गुणाकार २ च्या ५३ व्या घाताबाहेर जाऊन चुकू शकतो, बिगइंट वापरावा लागतो. पाच अक्षरांपर्यंत ती भीती नाही, हे मला फार सोयीचं वाटलं.

पण हे गुपित ठेवायचं साधन नाही, एवढं मनात पक्कं ठेवा. लागोपाठच्या दोन कोडांतला फरक, `M` ने भागून बाकी घेतली तर, नेहमी `K` च असतो, शिवाय शेवटचं अक्षर दर ३६ रोंनी परत येतं, त्यामुळे चार लिंका हातात असलेला जाणकार माणूस हे उलगडू शकतो. म्हणून त्या पानावर मी फक्त मोटरचा एचपी आणि स्थिती दाखवतो, नाव, मोबाइल, बिल काही नाही. ते दाखवायचं असेल तर रो नंबरचा नाद सोडा आणि रँडम टोकन घ्या. तेही सहा अक्षरांचं नको, बेस ३६ च्या सहा रँडम अक्षरांत ५५ हजार कोड झाले की कुठेतरी दोन सारखे येण्याची शक्यता निम्म्यावर पोहोचते, आणि १२८ बिटांची सुरक्षितता हवी तर २५ अक्षरं लागतात. मग ती छोटी लिंक राहत नाही, पण बिलासाठी तसंच असायला हवं.

कोड माणसाच्या तोंडी येणारच नसेल, फक्त बटणामागे लपलेली लिंक असेल आणि रो कोट्यवधी असतील, तर बेस ६२ घ्यायला माझी हरकत नाही. कागदावर, फोनवर, एसएमएसात जाणार असेल तर मी तरी बेस ३६ च घेईन, वरच्या गुणाकारासकट. फक्त `K` एकदा ठरला की बदलू नका आणि प्रोग्रामच्या बॅकअपसोबत तोही लिहून ठेवा, कारण तो बदलला तर आधी छापून गेलेल्या पावत्यांवरचे कोड भलत्याच रो नंबरवर जातील.