हाफ-कट की मल्टी-बसबार? आधी तोटा कुठे होतो ते पाहा

सोलर पॅनेल निवडताना हे दोन शब्द एकमेकांचे स्पर्धक असल्यासारखे समोर येतात. प्रत्यक्षात ते विजेच्या वाटेवरच्या दोन वेगळ्या टप्प्यांवर काम करतात. सेलमधली वीज आधी चांदीच्या केसासारख्या बारीक रेषांतून, म्हणजे फिंगरमधून, जवळच्या जाड पट्टीपर्यंत, म्हणजे बसबारपर्यंत येते. तिथून ती तांब्याच्या रिबनमधून पुढच्या सेलकडे जाते. दोन्ही ठिकाणी रोध असतो आणि थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते.

हाफ-कट रिबनमधला तोटा कमी करते. सेल मधोमध, बसबारला काटकोनात कापला की प्रत्येक तुकड्याचा करंट निम्मा होतो आणि त्यावरच्या रिबनची लांबीही निम्मी होते. तोटा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे एका तुकड्यावरचा तोटा आठवा हिस्सा उरतो. तुकडे दुप्पट झाले, म्हणून एकूण तोटा चौथा हिस्सा.

आकड्यांत पाहू. 60 सेलचे, साधारण 300 वॅटचे पॅनेल घ्या. करंट 10 अँपिअर, सेल 156 मिमीचा, त्यावर 5 रिबन, प्रत्येक 0.9 मिमी रुंद आणि 0.27 मिमी जाड. रिबनमधला करंट एका टोकाला शून्यापासून दुसऱ्या टोकाला पूर्ण होईपर्यंत वाढत जातो. हे धरून पुढच्या आणि मागच्या रिबनचा मिळून तोटा दर सेलला सुमारे 0.15 वॅट, म्हणजे पूर्ण पॅनेलला 9 वॅटच्या आसपास येतो. सेल कापले की तो सव्वादोन वॅटवर येतो. हा फायदा भर उन्हातला आहे. ऊन निम्मे असेल तेव्हा मुळात तोटाच पाव असतो, मग वाचणार किती?

फिंगरची लांबी मात्र कापल्याने बदलत नाही, कारण काप फिंगरला समांतर जातो. तिथे मल्टी-बसबार लागते. बसबार 5 चे 10 केले की दोन बसबारमधले अंतर सुमारे 31 मिमीवरून 16 मिमीवर येते आणि फिंगर तशीच ठेवली तर तिच्यातला तोटा चौथा हिस्सा होतो. पण उत्पादक फिंगर सहसा तशीच ठेवत नाहीत. वाट छोटी झाली की रेषा आणखी बारीक करतात आणि चांदी वाचवतात. त्यामुळे नुसती बसबारची संख्या पाहून फार हुरळून जाऊ नका, वॅट आणि कार्यक्षमतेचा आकडा पाहा. मला मल्टी-बसबारचा दुसराच गुण जास्त मोलाचा वाटतो. सेलला बारीक तडा गेला तरी वाटा जास्त असल्याने कमी भाग तुटून पडतो.

आता सावली. मल्टी-बसबार बाहेरच्या सावलीवर काहीच करत नाही. तिच्यात चपट्या रिबनऐवजी गोल तारा असतात, त्या स्वतःची सावली कमी पाडतात एवढेच. तारेवर पडलेला काही प्रकाश परावर्तित होऊन पुन्हा सेलवर येतो. झाड, कठडा किंवा पुढच्या रांगेची सावली असेल तर विषय हाफ-कटचा.

पॅनेलमधले सेल लांबीच्या दिशेने तीन गटांत असतात आणि गट अडला की करंटला वळसा देणारा एक बायपास डायोड प्रत्येक गटाला असतो. हाफ-कट पॅनेलमध्ये वरचा आणि खालचा भाग समांतर जोडलेले असतात. पॅनेल उभे लावले आणि खालच्या ओळीवर सावली आली, तर साध्या पॅनेलमध्ये तिन्ही गट अडतात. हाफ-कटमध्ये वरचा अर्धा भाग चालू राहतो. पण पॅनेल आडवे लावले, तर लांब कडेवरची सावली दोन्ही प्रकारांत एकच गट अडवते आणि दोन तृतीयांश वीज उरते. तिथे फरक जवळपास नाही.

विक्रेते सहसा सांगत नाहीत ती अडचण पुढची आहे. समजा एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या साखळीत, 10 पॅनेल उभी आहेत आणि सावली फक्त एकावर आहे. त्या पॅनेलचा चालू भाग निम्माच करंट देऊ शकतो, तर बाकीची 9 पूर्ण करंट देतात. सगळ्यांना निम्म्या करंटवर आणले तर स्ट्रिंग अर्ध्यावर येते, म्हणून इन्व्हर्टर पूर्ण करंट निवडतो. सावलीतल्या पॅनेलचे तिन्ही बायपास डायोड चालू होतात आणि त्या पॅनेलकडून काहीच मिळत नाही. उरते 9/10, साध्या पॅनेलइतकेच. सावली दहाही पॅनेलच्या खालच्या ओळीवर एकसारखी पडली तर चित्र उलटते. साधी पॅनेल जवळपास बंद पडतात, हाफ-कट निम्म्याच्या आसपास देतात. एखाद्याच पॅनेलवर सावली असेल, तर वाचलेला अर्धा भाग कामी येण्यासाठी प्रत्येक पॅनेल स्वतंत्रपणे चालवणारा ऑप्टिमायझर किंवा मायक्रो-इन्व्हर्टर दर पॅनेलला हवा.

म्हणून पुढच्या रांगेची सावली सकाळ-संध्याकाळ सर्व पॅनेलच्या खालच्या कडेवर येत असेल, तर हाफ-कट घ्या आणि उभेच लावा. सावली नसेल, तर हाफ-कट आणि साधे यांतला फरक काही वॅटचा आहे आणि तो पॅनेलच्या वॅटमध्ये आधीच मोजलेला असतो. पॅनेल खरोखर हाफ-कट आहे का, हे मागे वळवून कळते: जंक्शन बॉक्स वरच्या कडेला न बसता मध्यावर, बहुतेक वेळा तीन लहान तुकड्यांत असतो, आणि पुढून पाहिले तर मधोमध आडवी मोकळी पट्टी दिसते.