पाच जणांचे जबाब, एकच कालक्रम: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी एका केमिकल कारखान्यात सेफ्टी बघतो. कुठलीही घटना घडली की संबंधितांचे जबाब मोबाइलवर रेकॉर्ड करायचे आणि त्यातून एक अहवाल लिहायचा, हे माझं काम. पूर्वी मी सगळे जबाब ऐकून एक सलग गोष्ट लिहीत असे. गेले सात महिने ते बंद करून गूगल शीट्समधला एक साधा तक्ता वापरतोय. अकरा घटना त्यात घातल्या. तक्ता कसा आहे, कुठे कामाला आला आणि कुठे नाही, ते सांगतो.

रचना सोपी आहे. एका ओळीत एकच कृती आणि ती करणारा एकच माणूस. स्तंभ पाच: वेळ (लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा, असे दोन आकडे), कोणी, काय केलं, सांगणाऱ्याला ते कसं कळलं, आणि रेकॉर्डिंगमध्ये ते नेमकं कितव्या मिनिटाला आहे. माणसांची नावं नाहीत, क, ख, ग अशी अक्षरं. खरी नावं वेगळ्या फाइलमध्ये.

यातला चौथा स्तंभ, ‘कसं कळलं’, हाच या पद्धतीचा जीव आहे. तिथे चारच शब्द चालतात: केलं, पाहिलं, ऐकलं, अंदाज. सुरुवातीला मला हा स्तंभ उगाच वाटला होता. मग लक्षात आलं की आपली माणसं ही माहिती आपल्याला आयती देत असतात आणि लिहिताना आपणच ती पुसून टाकतो. ‘पाइप निसटला’, ‘पाइप निसटला म्हणे’ आणि ‘पाइप निसटला असणार’ ही तीन वेगळी विधानं आहेत. पहिलं पाहिलेलं, दुसरं ऐकलेलं, तिसरं तर्काने काढलेलं. माझ्या जुन्या अहवालांत या तिन्हींचं एकच वाक्य झालेलं आहे: ‘पाइप निसटला.’ म्हणून आता रेकॉर्डिंग उतरवून घेताना ‘म्हणे’, ‘वाटतं’, ‘बहुतेक’ यांतला एकही शब्द गाळत नाही.

दुसरा घोळ क्रियापदाचा. ‘व्हॉल्व उघडला’ यात कोणी उघडला ते नाही. बोलणाऱ्याने स्वतः उघडला, दुसऱ्याने उघडला, की आपोआप उघडला, तिन्हींना मराठीत हे वाक्य चालतं. असं वाक्य आलं की ‘कोणी’चा रकाना रिकामा ठेवायचा आणि माणसाला परत विचारायचं, असा मी नियमच केला.

आता एक घटना सविस्तर सांगतो, कारण पद्धतीची किंमत मला तिथे कळली.

कॉस्टिक लायचा, म्हणजे कातडी भाजणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा, टँकर खाली करत होते. टँकरच्या खालच्या व्हॉल्वला होज पाइप जोडायचा, टँकरचा व्हॉल्व उघडायचा, मग पंप सुरू करायचा. जोडणी कॅमलॉकची. त्याला दोन कान असतात, दोन्ही दाबून बसवले तरच ती घट्ट बसते. त्या दिवशी जोडणीतून लाय उडाली आणि हेल्परच्या हातावर, मानेवर आली. जबाब पाच: पंप ऑपरेटर (क), हेल्पर (ख), टँकर ड्रायव्हर (ग), शिफ्ट इन्चार्ज (घ) आणि शेजारच्या ड्रायरवरची कामगार ताई (च). ख दवाखान्यात असल्याने त्याचा जबाब दोन दिवसांनी घेतला. बाकीचे त्याच दिवशी, एकेकाला वेगळं बसवून. प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच: ‘सकाळी आल्यापासून काय काय झालं ते सांग.’ तो थांबेपर्यंत मध्ये बोललो नाही.

क म्हणाला, ‘कपलिंग लावलं, व्हॉल्व उघडला, पंप सुरू केला आणि लाय उडाली.’ ख म्हणाला, ‘साहेब, पंपाचा आवाज नव्हताच. एक कान बसत नव्हता म्हणून मी हात वर केला, थांब म्हटलं, तेवढ्यात अंगावर आलंच.’ ग हिंदीत बोलला: ‘इशारा मिला, तब मैंने वॉल्व खोला।’ आणि घ ठामपणे म्हणाला की एकही कान न लावताच काम सुरू केलं. च सुद्धा तेच म्हणाल्या.

म्हणजे लाय पंपाआधी उडाली की पंपानंतर? यावर क आणि ख समोरासमोर उभे. जुन्या सवयीने मी कचं धरलं असतं. तो जुना माणूस, क्रम नीट सांगतो. ख जखमी, घाबरलेला, शिवाय दोन दिवसांनी बोलला.

इथे घड्याळांनी मदत केली, पण आधी त्यांनी मला चकवलं. कंट्रोल रूमच्या नोंदीत पंपाची मोटर 10:58:40 ला सुरू झालेली दिसते. सीसीटीव्हीत ख उडी मारून मागे सरतो तिथे पडद्यावर 11:05:32. म्हणजे पंप आधी, लाय सहा-सात मिनिटांनी. कचं खरं ठरलं असंच वाटेल. पण सीसीटीव्हीचं घड्याळ मी तपासलं नव्हतं. मोबाइलवर सेकंदासकट वेळ लावून कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो आणि मग तेच चित्रण पाहिलं. सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर 7 मिनिटं 10 सेकंद पुढे होता. कंट्रोल रूमचं घड्याळही असंच ताडून घेतलं, त्यात दोन-तीन सेकंदांचाच फरक निघाला. मग सीसीटीव्हीच्या सगळ्या वेळांना एकच सूत्र लावलं:

```
=B2-TIME(0,7,10)
```

ख मागे सरला ती खरी वेळ 10:58:22. पंप 10:58:40. लाय पंपाच्या अठरा सेकंद आधी उडाली होती, आणि अठरा सेकंद हा काही घड्याळाच्या चुकीत बसणारा फरक नाही.

मग क खोटं बोलला का? नाही. त्याच्या वाक्यातला ‘व्हॉल्व उघडला’ मी परत विचारला. तो म्हणाला, ‘मी नाही, ड्रायव्हरने उघडला. मी पॅनेलपाशी होतो. बटण दाबलं, वळून बघतो तर ही गडबड.’ पॅनेलकडे तोंड करून उभा असल्याने त्याने लाय उडालेली पाहिली ती पंपानंतरच. त्याचा क्रम त्याने पाहिल्याचा क्रम होता, घडल्याचा नव्हता. तक्त्यात आता दोन ओळी आहेत: ‘लाय उडाली’ आणि ‘कने लाय उडालेली पाहिली’. दोघांचे जबाब जसेच्या तसे उभे आहेत.

इशाऱ्याचंही तसंच. वर केलेला हात ख, क आणि ग या तिघांच्याही जबाबात आहे. खच्या मते त्याचा अर्थ ‘थांब’, क आणि ग यांच्या मते ‘चालू द्या’. माझ्या जुन्या अहवालात हेच वाक्य ‘हेल्परने इशारा दिल्यावर व्हॉल्व उघडला’ असं झालं असतं आणि दोष जखमी माणसाच्या माथी गेला असता. तक्त्यात हात वर करणं ही एक ओळ, तिथे तिघांचं एकमत. तिचा अर्थ ही खालची ओळ, तिथे मतभेद, म्हणून तांबडी. त्या तांबड्या ओळीमुळेच टँकर खाली करताना कोणत्या खुणेला काय समजायचं हे आमच्याकडे कधी ठरलंच नव्हतं, हे उघड झालं.

घ आणि च यांच्या जबाबांनी आणखी एक गोष्ट शिकवली. दोन माणसं म्हणतायत की एकही कान लागला नव्हता, म्हणजे दोन साक्षी. पण चौथ्या स्तंभात दोघांपुढे ‘ऐकलं’ होतं. कोणाकडून, असं विचारलं तर दोघांचंही उत्तर एकच: दवाखान्याच्या गाडीवर गेलेला मुलगा. तो जोडणीजवळ नव्हताच. दोन साक्षींची एक ऐकीव गोष्ट झाली. उलट 11:40 ला काढलेल्या फोटोत एक कान बसलेला आणि एक उघडा दिसतो. हे खच्या सांगण्याशी जुळतं, पण त्याआधी कोणीतरी जोडणीला हात लावला असण्याची शक्यता राहते, म्हणून फोटोच्या ओळीत तसं लिहून ठेवलं.

जिथे पुरावा नाही तिथे तक्ता काही करू शकत नाही, आणि करूही नये. लाय अंगावर पडली की निदान पंधरा मिनिटं सतत पाणी ओतायला हवं. घ म्हणतो पंधरा मिनिटं शॉवरखाली ठेवलं, ख म्हणतो दोन-तीन मिनिटंच. शॉवर कॅमेऱ्याच्या टप्प्यात नाही. मेडिकल रूमच्या वहीत ख 11:18 ला पोहोचला आणि शॉवरपासून तिथे चालत चार मिनिटं लागतात. म्हणजे फार तर पंधरा मिनिटं मिळाली असतील, किती कमी ते सांगता येत नाही. ‘सरासरी आठ-नऊ मिनिटं’ असा आकडा काढायचा मोह एका बैठकीत झाला होता. तो आकडा कोणीच सांगितलेला नाही, म्हणून मी तो तक्त्यात येऊ दिला नाही.

त्रास कुठे होतो तेही सांगतो. वेळ भरपूर जातो. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवून ओळींत पाडायला मला तास-दीड तास लागतो. बोट कापलं, पाय घसरला अशा एका-दोघांच्या घटनेला हे नको, साधा अहवाल पुरतो. सात-आठ जबाबांपुढे तक्ता डोळ्यांत मावत नाही, तेव्हा मी फक्त मतभेद असलेल्या ओळींचं वेगळं पान करतो. रिकाम्या रकान्यांवर विशेष लक्ष द्यावं लागतं. ‘विचारलं नाही’, ‘आठवत नाही म्हणाला’ आणि ‘नाही म्हणाला’ हे सुरुवातीला मी सगळंच रिकामं सोडत होतो आणि वाचणारे त्याचा अर्थ ‘नाही’ असाच घेत होते. आता तिन्ही लिहितो. आणि वरचे लोक तांबडी ओळ बघून पहिल्यांदा विचारतात, ‘यातलं खोटं कोण बोलतंय?’ त्यासाठी प्रत्येक तांबड्या ओळीपुढे फरकाचा प्रकार लिहितो: वेळेचा, क्रमाचा, की घटनेचाच. वेळेचे फरक सगळ्यात जास्त असतात आणि बहुतेकदा ते दोन घड्याळांचे असतात.

शेवटी प्रत्येकाला फक्त त्याच्याच ओळी वाचून दाखवतो, दुसऱ्यांच्या नाही, नाहीतर माणसं एकमेकांशी जुळवून घेतात. खला वाचून दाखवल्या तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘साहेब, मी दोनदा थांब म्हटलं होतं, तुम्ही एकदाच लिहिलंय.’ रेकॉर्डिंग लावून ऐकलं. 3:47 ला एकदाच होतं. मूळ ओळ तशीच ठेवली, खाली नव्या तारखेने नवी ओळ जोडली आणि पुढे लिहिलं: ‘ख, वाचून दाखवल्यावर सांगितलं.’ त्याने तेवढ्या ओळीवर बोट ठेवून परत एकदा वाचायला लावली आणि मग सही केली.