आठ महिने वापरून: 'जवळचं आधी', पण मधे नदी आहे त्याचं काय?

जवळची दुकानं दाखवणाऱ्या या अ‍ॅपला आधी एक तारा दिला होता, आता तीन करतोय.

एप्रिलात कूलरची मोटर जळाली. नांदेडात एप्रिलात कूलर बंद म्हणजे घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. अ‍ॅप उघडलं, 'जवळचं आधी' लावलं, पहिलंच दुकान १.० किमी. म्हणलं, हे गेलो न् हे आलो. आम्ही राहतो कौठ्यात, गोदावरीच्या दक्षिणेला. दुकान निघालं पलीकडच्या काठाला! पुलाला वळसा घालून पोचलो तेव्हा स्कूटीच्या मीटरवर ३.८ किमी. यादीतलं दुसरं दुकान १.४ किमी होतं, आमच्याच काठाला; नंतर मोजलं, रस्त्यानं १.७. म्हणजे जाऊन-येऊन सव्वाचार किमीचं पेट्रोल फुकट. त्याच रात्री एक तारा ठोकला.

भाचा सॉफ्टवेअरवाला. तो म्हणला, "मामा, ते कावळ्याचं अंतर आहे, सरळ रेषेत मोजलेलं." नकाशावर घर आणि दुकान दाबून आकडे काढले. अक्षांशात ०.००९चा फरक, रेखांशात ०.००२चा. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किमी, म्हणून उत्तरेला एक किमी. रेखांशाचा अंश आपल्या १९ अक्षांशावर जवळपास १०५ किमीच भरतो, म्हणून आडवं दोनशे मीटर. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: १.०२. अ‍ॅपनं बरोबरच सांगितलं होतं. फक्त या हिशेबाला नदी दिसत नाही, पूल दिसत नाही, रेल्वे फाटक दिसत नाही.

मग सगळ्यांचं रस्त्यानं का मोजत नाही? भाचा म्हणतो, शेकडो दुकानांचा रस्ता दर वेळी काढायला वेळ लागतो, पैसाही. सरळ रेषेनं वीसेक दुकानं निवडायची आणि तेवढ्यांचाच रस्ता मोजून क्रम लावायचा, हे जमण्यासारखं आहे. ते का केलं नाही, हा माझा राग अजून आहेच.

दिवाळीत सासुरवाडीला कंधारला गेलो तर हेच अ‍ॅप चोख चाललं. मधे आडवं काही नाही, त्यामुळे रस्त्याचं अंतर सगळीकडं थोडं थोडंच जास्त येत होतं आणि क्रम बदलत नव्हता. तिथंच वाटलं, आपण एक तारा जरा तिरमिरीत दिला. लोकेशन मात्र उघड्यावर येऊन घ्या. आत माळवदाखाली आपण कुठं आहोत त्या अंदाजाचं निळं वर्तुळ अर्ध्या गल्लीएवढं पसरलं होतं, तेव्हा क्रम वरखाली होत होता.

आता निघण्याआधी 'दिशा' दाबून रस्त्याचं अंतर बघतो. यादीत १.० आणि तिथं ३.८ दिसलं की समजायचं, मधे गोदावरी आहे. मोटर शेवटी त्या दुसऱ्याच दुकानात मिळाली, पहिल्याकडं नव्हतीच.